जड झालेले कुलूप आणि कुरकुरणारी बिजागरी: ग्राफाईट कोठे वापरावे आणि तेल कोठे

सप्रेम नमस्कार.

दाराचे कुलूप जड झाले की बहुतेक घरांत पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या नाईट लॅचपैकी बऱ्याच लॅचमध्ये बिघाड कुलपाचा नसतो, तर आत सोडलेल्या तेलाचा असतो. म्हणून हे माहितीपत्रक आम्ही प्रत्येक नव्या कुलपाबरोबर देतो.

पुण्यातील एका ग्राहकांचे उदाहरण सांगतो. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या दाराची किल्ली जड फिरू लागली, तेव्हा त्यांनी किल्लीच्या भोकात खोबरेल तेलाचे पाच-सहा थेंब सोडले. किल्ली लगेच लोण्यासारखी फिरू लागली आणि दोन महिने काहीही तक्रार राहिली नाही. जानेवारीत ते कुटुंब रात्रीच्या बसने गावाहून परतले आणि पहाटे सहा वाजता दारात उभे राहिले, तेव्हा किल्ली आत गेली, पण फिरेना. आम्ही पोहोचेपर्यंत उन्हे दारावर आली होती आणि तीच किल्ली, किंचित हलवल्यावर, फिरली. कुलपाचे सिलिंडर, म्हणजे किल्ली शिरते तो भाग, उघडून पाहिले तेव्हा स्प्रिंगांच्या भोवती काळपट लोण्यासारखा थर बसलेला होता. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजू लागते आणि पुण्यातली जानेवारीची पहाट त्याहून पुष्कळ थंड असते. शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल असे सहजी थिजत नाही, परंतु ते हवेने हळूहळू चिकट होत जाते आणि महिन्यांनी डिंकासारखे बनते. शिवणयंत्राचे तेल या दोन्हींपेक्षा बरे असले, तरी पुढे सांगितलेली अडचण त्यालाही चुकत नाही.

ही अडचण समजण्यासाठी सिलिंडरच्या आत काय चालते ते पाहावे लागेल. किल्ली जिथे शिरते तो पितळी गाभा एका बाहेरच्या नळीत बसवलेला असतो. त्या दोहोंना आरपार छेदणारी चार-पाच बारीक भोके असतात आणि प्रत्येक भोकात दोन तुकड्यांची एक पिन व तिला खाली दाबणारी, बोटाच्या नखाहूनही लहान अशी स्प्रिंग असते. किल्लीच्या खाचा प्रत्येक पिन नेमकी इतकी उचलतात की दोन तुकड्यांमधील सांधा गाभा व नळी यांच्या सीमेवर येतो. सर्व सांधे एकाच वेळी त्या रेषेवर आले तरच गाभा फिरतो. एखादी पिन केसाच्या जाडीइतकी जरी वर किंवा खाली राहिली, तरी किल्ली अडते.

ती नाजूक स्प्रिंग पिनेला खाली ढकलते खरी, पण तिचा जोर फारच थोडा असतो. तेलाचा चिकटपणा प्रथम जाणवत नाही; मात्र ओल्या तेलावर बाहेरची धूळ, खिशातले तंतू आणि किल्ली घासून निघालेली पितळेची पूड बसत जाते. या सर्वांचा मिळून जो लगदा होतो तो पिनेला भोकाच्या भिंतीशी धरून ठेवतो. मग स्प्रिंग ढकलत राहते आणि पिन वरच अडकते. किल्ली बाहेर काढल्यावर तिच्या दातांवर काळा, बोटाला चिकटणारा थर दिसला, तर आत हेच घडले आहे असे समजावे.

ग्राफाईटची गोष्ट वेगळी आहे. हा कार्बनचाच एक प्रकार असून त्याचे थर कागदाच्या गठ्ठ्यासारखे एकमेकांवर रचलेले असतात आणि थोड्या जोरानेही एकमेकांवरून सरकतात. पावडर धातूला घासली की तिचा पातळ, कोरडा लेप बसतो. तो ओला नसल्यामुळे धूळ त्याला धरून राहत नाही, आणि पाण्या-तेलासारखा प्रवाही नसल्यामुळे थंडीत थिजतही नाही. हवेतल्या नेहमीच्या दमटपणाने हे थर उलट अधिक सहज सरकतात.

पावडर घालण्यापूर्वी

कृपया प्रथम दार उघडे ठेवून किल्ली फिरवून पाहावी. उघड्या दारात ती सहज फिरत असेल आणि बंद दारातच अडत असेल, तर दोष सिलिंडरचा नाही. पावसाळ्यात लाकूड फुगल्याने किंवा बिजागऱ्या सैल झाल्याने लॅचची जीभ चौकटीवरील पट्टीला घासत असते, आणि तेथे पट्टी सरकवणे किंवा बिजागरीचे स्क्रू आवळणे हाच उपाय आहे. त्यानंतर फारशी न वापरलेली जादा किल्ली लावून पाहावी. तिने कुलूप नीट उघडले, तर नेहमीची किल्ली झिजलेली आहे. अशा वेळी नवी किल्ली झिजलेल्या किल्लीवरून करून घेऊ नये, जादा किल्लीवरूनच करून घ्यावी.

या दोन्ही परीक्षांनंतरही किल्ली जड असेल, तरच पावडर घालावी. दाराखाली जुने वर्तमानपत्र पसरावे, कारण हा काळा डाग फरशीवरून आणि कपड्यावरून लवकर जात नाही. पावडरच्या बाटलीच्या नळीचे टोक किल्लीच्या भोकाला टेकवून बाटली एक-दोनदाच हलकेच दाबावी. तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढी पावडर पुरेशी होते. अधिक घातली तर तीच भोकांत दाटून पिना अडवते. मग किल्ली न फिरवता दहा वेळा आत-बाहेर करावी, दर खेपेला कोरड्या फडक्याने पुसावी, आणि शेवटी चार-पाच वेळा फिरवावी. लॅचच्या तिरक्या जिभेवर पेन्सिल घासली तरी चालते. सिलिंडरसाठी मात्र पेन्सिल तात्पुरतीच समजावी, कारण तिच्या शिशात माती मिसळलेली असते.

आत आधीच तेल घातलेले असेल, तर त्यावर पावडर मुळीच टाकू नये. तेल आणि ग्राफाईट मिळून दाट काळा लगदा होतो. अशा कुलपात प्रथम विजेच्या जोडण्या साफ करण्याचा, मागे तेलकटपणा न ठेवणारा स्प्रे मारावा, किल्ली आत-बाहेर करून पुसत राहावी, आणि ती स्वच्छ निघू लागल्यावर एक दिवस वाळू द्यावे. हे काम खिडक्या उघडून, देवघरातील दिवा व गॅस बंद ठेवून करावे. किल्ली तरीही काळीच निघत असेल, तर सिलिंडर दुकानात आणावे. आम्ही ते खोलून धुऊन देतो.

दोन ठिकाणी ग्राफाईट वापरू नये. ते वीजवाहक असल्याने बॅटरीवर चालणाऱ्या कुलपांत घालू नये. तसेच समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत, ॲल्युमिनियमच्या किंवा जस्ताच्या मिश्रधातूच्या कुलपांत ते गंजाला हातभार लावते. तेथे टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे घ्यावा.

बिजागरीला मात्र तेलच

बिजागरीत स्प्रिंगही नसते आणि बारीक पिनाही नसतात. एका जाड लोखंडी खिळ्यावर संपूर्ण दाराचा भार असतो, आणि तो खिळा गंजू नये हेच मोठे काम असते, जे कोरडी पावडर करत नाही. खिळा निघणारा असेल, तर दाराखाली पाचर ठोकून एका वेळी एकच खिळा वर काढावा, गंज पॉलिश पेपरने घासावा, पुसून ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि परत बसवावा. हल्लीच्या अनेक बिजागऱ्यांत तो पक्का बसवलेला असतो. तेथे सांध्यांच्या फटींत मशीनचे तेल एकेक थेंब सोडून दार वीसेक वेळा हलवावे आणि बाहेर आलेले काळे तेल पुसून घ्यावे. पुसणे राहिले, तर त्याचा ओघळ चौकटीच्या रंगावर उतरतो.