पंखावरच्या हवेला कसली घाई?

'विमान का उडते हे विज्ञानाला अजून कळलेलेच नाही' अशा अर्थाचे मथळे अधूनमधून वाचायला मिळतात आणि पुष्कळांना ते खरेही वाटतात. वास्तविक विमानाला वर उचलून धरणाऱ्या, पंखावरील उत्थापक बलाचे गणित जर्मन गणितज्ञ कुट्टा यांनी १९०२ मध्ये आणि रशियन शास्त्रज्ञ झुकोव्स्की यांनी १९०६ मध्ये मांडले, व त्याच पायावर पुढे विमानांचे आराखडे तयार होत गेले. डळमळीत आहे ते गणित नव्हे, तर आपण शाळेत ऐकलेले त्याचे सोपे रूप.

ते रूप असे : पंखाची वरची बाजू फुगीर असल्यामुळे वरच्या हवेला लांबचा रस्ता कापावा लागतो, खालच्या हवेबरोबर एकाच वेळी मागच्या कडेला पोहोचायचे म्हणून ती वेगाने धावते, आणि बर्नुलीच्या तत्त्वानुसार वेग वाढला की दाब घटतो. यातले शेवटचे वाक्य योग्य जागी वापरले तर बरोबर आहे. पण दोन्ही हवांनी एकाच वेळी पोहोचले पाहिजे, असा कोणताही नियम निसर्गात नाही.

हिशेबच करून पाहू. चार आसनांचे सेस्ना १७२ हे विमान पूर्ण भरल्यावर साधारण १,१०० किलोचे होते आणि त्याच्या पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १६ चौरस मीटर आहे. म्हणजे ते हवेत तोलून धरण्यासाठी पंखाच्या वर आणि खाली सुमारे ६७० पास्कल इतका दाबाचा फरक पुरेसा आहे; हा वातावरणाच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो. आता अशा पंखाचा वरचा रस्ता खालच्यापेक्षा दोन टक्के लांब आहे असे धरू. ताशी २२० किलोमीटर वेगाला 'एकाच वेळी पोहोचण्या'च्या नियमाने मिळणारा दाबफरक जेमतेम ९० पास्कल येतो आणि त्यावर सुमारे दीडशे किलो वजन उचलले जाते. उरलेले साडेनऊशे किलो कोण उचलणार? प्रत्यक्षात काय घडते हे केंब्रिज विद्यापीठातील होल्गर बाबिन्स्की यांनी वायुबोगद्यात थांबून थांबून धुराचे झोत सोडून दाखवले आहे : वरचा धूर खालच्या धुराच्या कितीतरी आधी मागच्या कडेपलीकडे जातो. हवेचे जे दोन थेंब पंखापाशी वेगळे झाले, ते पुन्हा भेटतच नाहीत.

मग वरच्या हवेचा वेग का वाढतो? याचे उत्तर प्रवाहाच्या वळणात आहे, आणि मला या विषयातला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो. कोणतीही वस्तू वक्र मार्गाने जायची असेल, तर तिला वळणाच्या आतल्या बाजूला ढकलणारे बल लागते. हवेच्या बाबतीत हे बल दाबातूनच मिळते, म्हणून वळणाच्या बाहेरच्या बाजूला दाब जास्त आणि आतल्या बाजूला कमी असावाच लागतो. पंखाचा वरचा पृष्ठभाग मागे उतरत जातो. हवा सरळच गेली तर तिच्याखाली पोकळी पडू लागेल, तिथला दाब घटेल आणि वरची हवा तिला खाली दाबेल. परिणामी प्रवाह पृष्ठभागाला धरून खाली वळतो. पंखापासून दूर उंचावर दाब नेहमीइतकाच असतो आणि पंखाकडे येताना तो उतरत जातो, कारण पंखाचा माथा वळणाच्या आतल्या बाजूला येतो. खालून जाणारी हवाही खालीच वळवली जाते, परंतु तिथे पंखाची तळबाजू वळणाच्या बाहेरच्या बाजूला असल्याने दाब वाढतो. पुढून येणारी हवा जास्त दाबाकडून माथ्यावरील कमी दाबाकडे जाते, म्हणून तिचा वेग वाढतो. वेग हे कारण नसून दाबाशी जोडलेला परिणाम आहे.

विमान बर्नुलीच्या दाबफरकाने उचलले जाते की न्यूटनच्या क्रिया-प्रतिक्रियेने, हा 'बर्नुली की न्यूटन' वादही इथेच निकालात निघतो. हवा खाली वळते तेव्हा तिला खालच्या दिशेने संवेग मिळतो, आणि तितकीच प्रतिक्रिया पंखाला वर ढकलते. ती पंखापर्यंत पोहोचते मात्र दाबाच्याच रूपाने. त्याच सेस्नाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११ मीटर लांब आहेत. ढोबळ हिशेबासाठी तेवढ्या व्यासाच्या वर्तुळातील हवा वळवली जाते असे मानले, तर ताशी २२० किलोमीटर वेगाला दर सेकंदाला सुमारे ७ टन हवा येते, आणि तिला खाली फक्त दीड मीटर प्रतिसेकंद वेग दिला की विमानाचे वजन पेलले जाते. हवेचे कण गोळ्यांसारखे पंखाच्या तळावर आदळून त्याला उचलतात, ही समजूतही म्हणूनच अपुरी आहे : ती पंखाचा माथा विसरते, आणि उत्थापनाचा मोठा वाटा तर तिथूनच येतो.

पंखाचा हवेशी असलेला कोन वाढवत नेला की वळण वाढते आणि बलही वाढते, पण साधारण १५ अंशांच्या पुढे वरच्या प्रवाहाला पृष्ठभागाची साथ ठेवता येत नाही. माथ्यावरच्या कमी दाबाकडून मागच्या कडेच्या जास्त दाबाकडे जाताना पृष्ठभागालगतची मंदावलेली हवा थांबते, प्रवाह सुटतो, वळण सरळ होऊ लागते, आणि त्याबरोबर दाबाचा फरक व खाली ढकलली जाणारी हवा ही दोन्ही एकदमच ढासळतात. यालाच स्टॉल म्हणतात, आणि त्यातून बाहेर पडण्यासाठी वैमानिक आधी विमानाचे नाक खाली करतो.