प्रश्नावलीचे उलट भाषांतर : गुआमपासून मराठी वर्गापर्यंत

इंग्रजीतील एखादी मानसशास्त्रीय प्रश्नावली मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना द्यायची झाली की प्रबंधाच्या संशोधनपद्धतीच्या प्रकरणात एक ठरलेले वाक्य येते: मूळ साधनाचे मराठीत भाषांतर केले, दुसऱ्या तज्ज्ञाकडून त्याचे पुन्हा इंग्रजीत भाषांतर करून घेतले आणि दोन्ही इंग्रजी मसुदे जुळत असल्याची खात्री केली. यालाच उलट भाषांतर म्हणतात. हे वाक्य इतके अंगवळणी पडले आहे की ही पद्धत कोणत्या अडचणीतून निघाली आणि ती नेमके काय तपासते, याचा विचार सहसा होत नाही.

मूळ अडचण साधी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी संशोधक वेगवेगळ्या देशांत एकच प्रश्नावली वापरू लागले. ज्या भाषेत ती जायची, ती भाषा बहुधा त्यांना स्वतःला येत नसे. भाषांतर चांगले उतरले की वाईट, हे कळण्यासाठी त्यांना दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागे. उलट भाषांतराने त्यांना निदान आपल्या भाषेत वाचता येईल असा पुरावा मिळाला. म्हणजे ही युक्ती जन्मली ती मातृभाषेत उत्तर देणाऱ्यासाठी नव्हे, तर ती मातृभाषा न जाणणाऱ्यासाठी. पुढचे बरेचसे गुणदोष या एका गोष्टीतून येतात.

या युक्तीला पद्धतीचे रूप दिले रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० सालच्या लेखाने. पॅसिफिक महासागरातील गुआम बेटाच्या विद्यापीठात अनेक भाषा बोलणारे विद्यार्थी एकत्र होते. त्यांपैकी १० भाषांमधील ९४ द्विभाषिकांकडून ब्रिस्लिन यांनी सहा निबंधांची भाषांतरे आणि उलट भाषांतरे करून घेतली. निबंधांचे विषय तीन होते आणि काठिण्याच्या पातळ्या दोन. विषय आणि काठिण्य बदलले की भाषांतराचा दर्जाही बदलतो, असे त्यातून दिसले. पुढे त्यांनी भाषांतरास सोयीची इंग्रजी लिहिण्याचे नियमही मांडले: वाक्य १६ शब्दांपेक्षा लहान असावे, कर्मणी प्रयोग टाळावा, सर्वनामाऐवजी नाम पुन्हा वापरावे, रूपके आणि ‘असते तर’ छापाची संकेतार्थी रचना टाळावी. यातला शेवटचा नियम मोडणे मराठीत किती महाग पडते, ते पुढे येईलच.

त्याच अभ्यासात, आपण लोकांना कितपत चांगले दिसू इच्छितो हे मोजणारी एक श्रेणी गुआमच्या चामोरो भाषेत नेण्यात आली. तिच्यातील एका विधानाचा आशय असा होता की, मला अधूनमधून गॉसिप करायला आवडते. भाषांतर, उलट भाषांतर आणि पुन्हा दुरुस्ती असे फेरे झाल्यावर शेवटी जे इंग्रजी वाक्य उरले, त्यात गॉसिप हा शब्दच नव्हता; ‘मला कधी कधी दुसऱ्यांच्या भानगडींबद्दल बोलायला आवडते’ अशा अर्थाचे ते वाक्य होते. मराठीतही हाच प्रश्न येतो. ‘गप्पा’ म्हटले तर विधान निष्पाप होते आणि जवळजवळ सगळेच ‘हो’ म्हणतील. ‘चहाड्या’ म्हटले तर कोणीच कबूल करणार नाही. चामोरोच्या उदाहरणात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की भाषांतरासाठी मूळ इंग्रजी वाक्यच बदलले गेले. ऑस्वाल्ड वर्नर आणि डोनाल्ड कॅम्पबेल यांनी त्याच वर्षी या विचाराला सैद्धांतिक आधार दिला. मूळ मसुदा अढळ मानू नये, दोन्ही भाषांतील मसुदे एकमेकांकडे पाहत बदलत जावेत आणि कोणतीही एक भाषा केंद्रस्थानी राहू नये, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे पद्धत आली, पण हा अर्धा भाग मागे राहिला. इथे इंग्रजी मसुदा पोथीसारखा असतो आणि बदलायचे ते मराठीनेच.

उलट भाषांतर फसवू शकते, हे ब्रिस्लिन यांनी स्वतःच सांगून ठेवले होते आणि त्याची तीन कारणे दिली होती. दोन भाषा जाणणाऱ्यांच्या डोक्यात काही शब्दांच्या जोड्या ठरलेल्या असतात, मग अर्थ जुळो वा न जुळो. स्पॅनिश ‘अमिगो’ दिसला की ‘फ्रेंड’ लिहिले जाते. दुसरे असे की उलट भाषांतर करणारा हुशार असतो आणि विस्कळीत वाक्यातूनही अर्थ लावून सुबक इंग्रजी लिहितो. तिसरे कारण सर्वांत गमतीचे आहे: पहिल्या भाषांतरकाराने इंग्रजीचीच वाक्यरचना मराठीत ओढून आणली, तर ती परत इंग्रजीत नेणे फार सोपे जाते. वाईट मराठीला या परीक्षेत चांगले गुण मिळतात.

ही तीनही कारणे एका परिचित साधनावर ताडून पाहता येतात. मॉरिस रोझेनबर्ग यांची आत्मसन्मान श्रेणी १९६५ साली प्रसिद्ध झाली. न्यू यॉर्क राज्यातील १० शाळांमधील ५,०२४ मुलामुलींच्या अभ्यासातून ती आली. तिच्यात १० विधाने आहेत, त्यांपैकी पाच होकारार्थी आणि पाच नकारार्थी. पूर्णपणे सहमत, सहमत, असहमत, पूर्णपणे असहमत यांपैकी एका पर्यायावर खूण करायची. इतकी छोटी श्रेणी असल्याने ती जगभर फिरली आहे.

पाचव्या विधानाचा आशय असा, की अभिमान वाटावा असे माझ्यापाशी फारसे काही नाही. मूळ शब्द ‘प्राउड’. एका भाषांतरकाराने ‘अभिमान’ लिहिले आणि दुसऱ्याने हिंदीच्या सवयीने ‘गर्व’ लिहिले, असे धरून चालू. दोन्ही मसुदे उलट भाषांतरात ‘प्राउड’ म्हणूनच परत येतील आणि दोघांनाही तपासणीत पूर्ण गुण मिळतील. पण ‘गर्वाचे घर खाली’ ऐकत वाढलेल्या नववीतल्या मुलीला ‘गर्व करण्यासारखे माझ्याकडे काही नाही’ हे विधान कमीपणाचे न वाटता नम्रतेचे वाटेल. ती ‘पूर्णपणे सहमत’वर खूण करील आणि गुणदानात तिचा आत्मसन्मान खालच्या पायरीवर जाईल. फरक मराठीत आहे, तपासणी मात्र इंग्रजीत चालली आहे.

याच्या उलटही घडते. ‘कधी कधी मी अगदी यूसलेस आहे असे वाटते’ या आशयाच्या विधानासाठी ‘निरुपयोगी’ हा शब्द घेतला, तर तो जसाच्या तसा परत येतो. ‘कधी कधी वाटते, आपला काही उपयोगच नाही’ असे मुलांच्या तोंडचे वाक्य लिहिले, तर परतीच्या मसुद्यात शब्द वेगळे दिसतात आणि मार्गदर्शक समासात प्रश्नचिन्ह काढतात. मग दुरुस्ती म्हणून ‘निरुपयोगी’ आणले जाते, जो शब्द मुले मोडक्या वस्तूबद्दल वापरतात. चांगल्या वाक्याच्या जागी वाईट वाक्य बसवण्याचे काम ही पद्धत किती निमूटपणे करते!

काही फरक तर या तपासणीच्या जाळ्यात सापडूच शकत नाहीत. इतर बहुतेकांइतकीच चांगली कामे मला जमतात, या आशयाच्या विधानाचे सरळ मराठी रूप ‘मी करू शकतो’ असे होते. इंग्रजीत ‘आय’ला लिंग नाही, मराठी क्रियापदाला आहे. ‘शकतो’ परत इंग्रजीत गेले की लिंग गळून पडते आणि मसुदे तंतोतंत जुळतात, पण वर्गातल्या सगळ्या मुलींच्या हातात मुलग्याच्या तोंडचे वाक्य पडलेले असते. ‘शकतो/शकते’ असे छापले तर प्रत्येक ओळीत अडखळायला होते. ‘मला करता येतात’ अशी रचना घेतली तर लिंगाचा प्रश्नच उरत नाही, आणि ‘मला’ने सुरू होणारी वाक्ये मराठीत सहजही वाटतात. हा निर्णय मराठी वाचूनच घ्यावा लागतो.

पुढच्या काळात जाणकारांनी यातून वेगवेगळ्या वाटा काढल्या. १९७३ साली सिनैको आणि ब्रिस्लिन यांनी हेलिकॉप्टर-दुरुस्तीच्या सूचनांचे व्हिएतनामी भाषांतर तीन मार्गांनी तपासले. उलट भाषांतराबरोबर त्यांनी वाचणाऱ्यांना मजकुरावर प्रश्न विचारले आणि सूचना वाचून काम प्रत्यक्ष करायलाही लावले. शेवटच्या चाचणीत वाचणाऱ्याला काय समजले, हे हाताच्या कामातून दिसते. २००० साली सुरू झालेल्या पिसा या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-मूल्यमापनाने तर दुहेरी भाषांतराचा मार्ग पसंत केला. इंग्रजी आणि फ्रेंच असे दोन मूळ मसुदे तयार करायचे, दोघांनी त्यांवरून स्वतंत्रपणे भाषांतर करायचे आणि तिसऱ्याने दोन्हींची सांगड घालायची. यात तुलना विद्यार्थ्यांच्या भाषेतल्या दोन मसुद्यांची होते, म्हणून ‘अभिमान’ आणि ‘गर्व’ समोरासमोर येतात आणि वाद करावाच लागतो.

प्रश्नावलीच्या बाबतीत हाताच्या कामाची चाचणी शक्य नसते, पण तिच्या जवळपास जाता येते. आठ-दहा विद्यार्थ्यांना एकेकटे बसवून प्रत्येक विधान वाचायला द्यावे, ते स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावे आणि अमुकच पर्यायावर खूण का केली ते विचारावे. ‘गर्व’ म्हणजे ‘माज’ असे एखाद्याने सांगितले की उलट भाषांतराच्या चार फेऱ्यांत न मिळालेली माहिती एका मिनिटात मिळते. त्यानंतरची तपासणी आकड्यांची. पथदर्शी गटाची उत्तरे घेऊन प्रत्येक विधानाचा उरलेल्या विधानांच्या बेरजेशी सहसंबंध काढावा. जे विधान शून्याजवळ किंवा ऋण बाजूला जाते, त्याचा अर्थ विद्यार्थी वेगळा लावत असण्याची शंका घ्यावी.

रोझेनबर्ग श्रेणीत ही शंका पहिल्यांदा घ्यावी ती आठव्या विधानाची. मला स्वतःबद्दल अधिक आदर असता तर बरे झाले असते, असा त्याचा आशय. हीच ती संकेतार्थी रचना, जी टाळावी असे ब्रिस्लिन सांगत होते. चिनी भाषांतरांतही या विधानाने त्रास दिलेला आहे. मराठीत ते बहुधा ‘मला स्वतःबद्दल अधिक आदर वाटावा, अशी माझी इच्छा आहे’ असे उतरते. परत इंग्रजीत नेले की ते मूळ वाक्याशी व्यवस्थित जुळते. विद्यार्थ्याला मात्र ही एक चांगली इच्छा वाटते, म्हणून आत्मविश्वास असलेला मुलगाही ‘पूर्णपणे सहमत’ म्हणतो. विधान नकारार्थी धरलेले असल्याने चारपैकी एकच गुण त्याच्या पदरात पडतो. इतर नऊ विधानांत तो वरच्या बाजूला असतो आणि इथे तळाशी. अशी मुले वर्गात पुरेशी निघाली की सहसंबंध उलटा फिरतो.

हे विधान गाळले, तर उरलेल्या नऊ विधानांची बेरीज १० विधानांच्या प्रसिद्ध आकड्यांशी ताडता येत नाही. ‘मला स्वतःबद्दल पुरेसा आदर वाटत नाही’ असे सरळ लिहिले, तर मुलांना अर्थ कळतो, पण ते मूळ विधान राहत नाही. वर्नर आणि कॅम्पबेल यांच्या पद्धतीत अशा वेळी इंग्रजी वाक्यही तसेच सरळ करून घ्यायचे असते. पण जुन्या इंग्रजी वाक्यावर १९६५ पासूनची आकडेवारी उभी आहे आणि पुणे किंवा नांदेडच्या एखाद्या एम.एड.च्या विद्यार्थिनीच्या सांगण्यावरून ते वाक्य कोणी बदलणार नाही. तेव्हा तिने सरळ मराठी विधान वापरावे, बदल प्रबंधात मूळ वाक्यासह नोंदवावा आणि न्यू यॉर्कच्या सरासरीशी तुलना करणारा तक्ता गाळावा.