बिनयमकाचं गाणं पुढं कशावर चालतं: बेळगावकडची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठी गाणी लिहिणाऱ्यांत हल्ली यमक सोडून लिहिणारे बरेच दिसतात, आणि असं गाणं पहिल्यांदा म्हणून दाखवलं की समोरून एक वाक्य हमखास येतं, "छान आहे, पण गाणं कुठाय यात?" हा प्रश्न मला कधी चुकीचा वाटला नाही. मराठी गाण्यात यमक नुसतं कानाला गोड लागावं म्हणून नसतं, त्याला एक काम असतं. अंतऱ्याची शेवटची ओळ ध्रुपदाशी जुळली की ऐकणाऱ्याला आपोआप कळतं, आता मागं फिरायचं, सगळ्यांनी मिळून म्हणायचं. म्हणजे यमक ही परतीची घंटा आहे. यमक काढलं आणि तिच्या जागी दुसरी घंटा ठेवली नाही तर गाणं पुढं सरकतच नाही, ओळी नुसत्या एकापुढं एक पडत राहतात. ही दुसरी घंटा आपल्या भागात कुठून कुठून आली, ते इथं मांडतोय.

जुन्यात जुनी गोष्ट बाराव्या शतकातल्या कन्नड वचनांची. वचन म्हणजे बोललेलं. छंदाचं बंधन नाही, यमकाचा आग्रह नाही, शेवटी देवाच्या नावाची मुद्रा. शाळेत कन्नड शिकलेल्या आमच्याकडच्या बहुतेक पोरांना 'कळबेड, कोलबेड' पाठ असतं, चोरू नको, मारू नको. त्यात 'बेड', म्हणजे नको, सात वेळा येतं. पण दोन बेडमधलं अंतर दर वेळी वेगळं आहे. पहिले दोन तुकडे चार-चार अक्षरांचे, तिसरा एकदम नऊचा, मग पाच, मग अकरा, मग सात, शेवटी परत नऊ. पाय कुठं पडणार ते आधी कळत नाही पण 'बेड'वरच पडणार याची खात्री असते, आणि ऐकणारा त्या खात्रीवर पुढं ओढला जातो. सात झाले की बेड एकदम थांबतं आणि 'इदे' सुरू होतं, म्हणजे हीच, हीच, हाच. तीनदा 'इदे', मग कूडलसंगमदेवाचं नाव आणि संपलं. आधी जो शब्द शेवटी यायचा त्याच्या जागी आता सुरुवातीला येणारा शब्द आला, म्हणून कानाला कळतं की गोष्ट मिटत आली. विजापूरच्या एका वकिलांनी ताडपत्रांवरची वचनं गोळा करून १९२३ साली छापली, नंतर धारवाडकडच्या हिंदुस्थानी गायकांनी ती रागात बांधून मैफिलीत आणली, त्यामुळं आमच्या आधीच्या पिढीनं वचन वाचण्याआधी गाणं म्हणून ऐकलं. यमक नसलेलं गाता येतं का, हा प्रश्न आपल्या मातीत कधीच सुटलेला आहे असं मला म्हणूनच वाटतं.

आता इथं एक गुंता आहे, आणि आमच्याकडचे निम्मे वाद त्यातूनच होतात, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. 'यमक नाही' म्हणजे नक्की काय नाही?

मराठीत यमक म्हटलं की ओळीचा शेवट. संस्कृतात यमक म्हणजे तीच अक्षरं परत येणं, पण अर्थ वेगळा. कन्नडमध्ये या सगळ्याला प्रास म्हणतात, आणि त्यांचा जुना महत्त्वाचा प्रास ओळीच्या शेवटी नसतोच, तो सुरुवातीला असतो, प्रत्येक ओळीचं दुसरं अक्षर जुळायला हवं. मराठीत करून बघा:

माती भिजली
पातं हललं
सूत तुटलं

मा-ती, पा-तं, सू-त. तिन्ही ओळींत दुसरं अक्षर त, आणि त्याच्या आधीचं अक्षर दीर्घ. मराठी कान या ओळींच्या शेवटी जुळणी शोधतो, जुनी कन्नड कविता मुरलेला कान तोंडाशीच समाधानी होतो. मंजेश्वरच्या एका कवीनं १९११ च्या सुमाराला हा दुसऱ्या अक्षराचा प्रास सोडला. मंजेश्वर हेही सीमेवरचंच गाव, आज केरळात. त्या निर्णयावर कन्नडमध्ये मोठी चर्चा झाली, पुढं नव्या कवितेला त्यानं मोकळी वाट मिळाली. पण त्यानं ओळीच्या शेवटचं यमक सोडलं असा त्याचा अर्थ नव्हता. आमच्याकडं मात्र बोलता बोलता "कन्नडवाल्यांनी शंभर वर्षांपूर्वीच यमक टाकलं" असं होऊन गेलं, आणि त्या वाक्यावर कित्येकांनी स्वतःचं मराठी गाणं उभं केलं. टाकलेली गोष्ट एक, आपण टाकतोय ती दुसरी.

तशीच गत 'मुक्तछंद' या शब्दाची. १९३० नंतर मराठीत हा शब्द रुळला तेव्हा तो लिहिणारे कवी अक्षरांचे छोटे गट धरून लय बांधत होते, ओळ लहानमोठी व्हायची पण आतला गट टिकायचा. मुक्त हे विशेषण, नाम छंद. पुढं छापील कवितेत गद्यासारख्या ओळींनाही मुक्तछंदच म्हणायला लागले आणि आता नवा लिहिणारा 'मुक्तछंद आहे' म्हणतो तेव्हा मोजलंय की नाही हे विचारावंच लागतं. गाण्यासाठी मी जुन्या अर्थाच्या बाजूनं आहे. कागदावर न मोजलेली ओळ चालून जाते, ढोलकीपुढं लगेच उघडी पडते.

आणि तिसरा मुद्दा, तोच शब्द परत आला तर ते यमक का? 'बेड-बेड' हे यमक आहे असं म्हणणारे आहेत. माझ्या मते नाही. मराठी यमकात शब्द बदलतो आणि शेवटचा आवाज जुळतो, इथं शब्दच तो आहे. गझल लिहिणारे हा फरक चांगला जाणतात, काफिया जुळवायचा असतो, रदीफ नुसता परत म्हणायचा असतो. काफिया काढून फक्त रदीफ ठेवला तर जे उरतं, साधारण तेच आपण करतोय.

मराठी बाजूनं पाहिलं तर ओवी-अभंग यमकाचेच, त्यात आपल्याला मदत कमी. मदत मिळते ती शाहिरीकडून. पोवाड्यात मधला कथनाचा भाग कधी कधी सरळ बोलल्यासारखा असतो, लांबीला धरबंध नसतो, पण झीलकरी 'जी जी रं जी' म्हणत ओळ उचलतात आणि मूळ शाहिराला श्वास मिळतो. याच जिल्ह्यात कन्नड गीगी पदं आहेत, तिथं झील 'गी गी' अशी. डफ, तुणतुणं, कलगी-तुऱ्यासारखे दोन पक्ष, सगळं इतकं जवळचं की यात्रेत लांबून ऐकलं तर भाषा नंतर कळते, झील आधी कळते.

मग १९५६. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि पुढची कितीतरी वर्षं आमच्या गल्ल्यांत एक ओळ घुमत राहिली, "बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे." मी ही लहानपणी मोर्च्यात ऐकली आणि लयीचं माझं पहिलं शिक्षण तिथलंच आहे असं मी मानतो. यात यमक कुठंच नाही. गावांची यादी आहे, आणि बोलताना प्रत्येक नाव एकेका पावलावर बसतं. बेळ्-गाव, कार्-वार, नि-पाणी. लिहिताना बेळगावची चार अक्षरं, निपाणीची तीन, पण चालताना दोन्हींना वेळ सारखाच. यादी संपेपर्यंत आवाज चढत जातो आणि 'झालाच पाहिजे' सगळे मिळून म्हणतात. परतीची घंटा तीच. लिहिलेली अक्षरं आणि बोललेली लय वेगळी असते हे मला कुठल्या पुस्तकाच्या आधी त्या ओळीनं शिकवलं.

नंतरच्या काळात कॅसेट आली, गणपती मंडळांसाठी स्थानिक गाणी रेकॉर्ड व्हायला लागली, आता मोबाईलवर आठ मात्रांचा लूप लावून पोरं त्यावर लिहितात, अर्धी ओळ मराठी अर्धी कन्नड. दोन भाषांत शेवट जुळवणं अवघड म्हणूनही यमक सुटलं असावं असा माझा अंदाज आहे. लूपमुळं एक अडचण मात्र नव्यानं आली. ढोलकीवाला गाणाऱ्यासाठी थांबायचा, लूप थांबत नाही.

काम कसं चालतं ते एका गाण्यावर दाखवतो. टिळकवाडीतल्या रेल्वे गेटांवर मी एक लिहिलं होतं, ओळीला चार टाळ्या धरून. पहिला खर्डा असा होता, "दुधाचे कॅन सायकलला अडकवून दूधवाला उभा." वाचायला छान. टाळ्या मोजल्या तर सहा. त्यामुळं 'उभा' पुढच्या ओळीच्या दुसऱ्या टाळीवर जाऊन पडायचा, गाणारा मधेच 'सायकलला'नंतर श्वास घ्यायचा आणि ढोलकीवाला माझ्याकडं बघायचा. "किती भरायलास रे एका ओळीत," म्हणाला. चूक ओळखायची खूण हीच, अर्थ जिथं तुटत नाही तिथं श्वास तुटतो. मग असं झालं:

पहिलं गेट बंद
दुसरं गेट बंद
तिसऱ्या गेटवर दूधवाला उभा
थांब जरा, गाडी जाऊ दे

पहिल्या दोन ओळींत तीनच शब्द, चौथी टाळी रिकामी. दोनदा रिकामी गेली की कान तिसऱ्यांदाही रिकामीच धरून बसतो, आणि तिथं 'उभा' येऊन ती जागा भरतो. यमकानं दिला असता तो धक्का त्या भरलेल्या टाळीनं दिला. चौथ्या ओळीनंतर झील, "जाऊ दे, जाऊ दे", पहिल्या आणि तिसऱ्या टाळीवर, दुसरी आणि चौथी मोकळी.

दुसऱ्या कडव्यात साचा तोच ठेवून शब्द बदलला:

रिक्षात पोरं गप्प
आईचा फोन गप्प
सिग्नलचा दिवा अजून लाल
थांब जरा, गाडी जाऊ दे

इथं एक घोटाळा झाला होता. 'लाल'नंतर मी एक जादा ओळ घातली होती, "पोरांचे नुसते हाल." न ठरवता यमक जुळलं. म्हणून दाखवलं तर ऐकणारे पुढच्या ओळीत तिसरा '-आल' शोधायला लागले, तो आला नाही आणि चांगली चाललेली ओळ त्यांना पडल्यासारखी वाटली. बिनयमकाच्या गाण्यात एकच यमक चुकून राहिलं तर बाकीच्या सगळ्या ओळी अपुऱ्या वाटायला लागतात. ती ओळ काढली.

पुनरावृत्तीलाही मर्यादा आहे. तीच ओळ जशीच्या तशी तिसऱ्यांदा आली की कान सुटतो, म्हणून शेवटच्या फेरीत काहीतरी हलवावं लागतं. 'बेड'चं 'इदे' होतं तसं. मी बंदचं उघडं केलं आणि ध्रुपद अर्ध्यावर सोडलं:

पहिलं गेट उघडं
दुसरं गेट उघडं
तिसऱ्या गेटवर दूधवाला गेला
थांब जरा

उरलेल्या दोन टाळ्या कोणी काही म्हणायचं नाही असं ठरलं होतं. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा पुढं बसलेल्या बायकांनी त्या दोन टाळ्यांत "गाडी जाऊ दे" स्वतःच म्हणून टाकलं. तेव्हापासून ती जागा आम्ही त्यांच्यासाठी ठेवतो.