लागू असणं वेगळं, मिळणं वेगळं: रिमोट वर्क धोरणातली व्याप्ती आणि पात्रता

२५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून मुठेत मोठा विसर्ग झाला आणि सिंहगड रोडवर एकतानगरीतल्या सोसायट्यांत पाणी शिरलं. त्या सकाळी खराडीतल्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजरने टीमच्या ग्रुपवर लिहिलं, "आज कोणी येऊ नका, घरूनच करा." सपोर्ट टीममधल्या एका मुलीला नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झाले होते. तिला कंपनीचा लॅपटॉप नव्हता, ऑफिसात डेस्कटॉप होता. तिने भावाच्या लॅपटॉपवरून लॉगिन केलं, ग्राहकांची एक एक्सेल फाइल उतरवून घेतली आणि रात्री नऊपर्यंत तिकिटं सोडवत बसली. महिन्याभराने ऑडिटमध्ये नोंद निघाली की ग्राहकांची माहिती कंपनीबाहेरच्या मशिनवर गेली आहे.

मी कंपन्यांना एचआर धोरणं लिहून देते, म्हणून त्या कंपनीच्या रिमोट वर्क धोरणाचा कागद माझ्याकडे आला. त्यात कलम स्पष्ट होतं: घरून काम करताना ग्राहकांची माहिती फक्त कंपनीच्या लॅपटॉपवर उघडायची. पण पहिल्याच पानावर, 'व्याप्ती' या मथळ्याखाली एकच वाक्य होतं: "हे धोरण सर्व पात्र कर्मचाऱ्यांना लागू राहील." आणि पात्र कोण, तर सहा महिने पूर्ण झालेले. त्या मुलीने बैठकीत शांतपणे विचारलं, "मॅडम, मला सहा महिने झालेलेच नाहीत. मग हा नियम मला लागू होता का?"

तिचं बरोबर होतं. कागदाप्रमाणे तो नियम तिला लागू नव्हता. आणि दुसरी बाजूही तितकीच खरी होती: घरून काम करताना कामाचे तास किती, इंटरनेटचा खर्च कोण देणार, रात्री मेसेज आला तर उत्तर द्यायचंच का, ही सगळी कलमंही तिच्यासाठी नव्हती. ती बारा तास बसली, आणि त्या कागदात तिच्या बाजूने एक ओळ नव्हती.

व्याप्ती आणि पात्रता या दोन शब्दांची गल्लत झाली की नेमकं हे होतं. बहुतेक कंपन्यांत 'स्कोप' आणि 'एलिजिबिलिटी' हे दोन मथळे असतात, आणि दोन्हींखाली थोड्याफार फरकाने तेच लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ते दोन वेगळे प्रश्न आहेत. व्याप्ती विचारते: हा कागद कोणाबद्दल, कुठल्या जागेबद्दल, कुठल्या कामाबद्दल बोलतो? पात्रता विचारते: ज्यांच्याबद्दल बोलतो त्यांतल्या कोणाला ही सोय मागता येईल? पात्र नसलेला माणूस व्याप्तीच्या आतच असतो. त्याला सोय मिळत नाही, एवढंच. नियम त्यालाही असतात, आणि एखाद्या दिवशी कंपनीनेच घरी बसवलं तर संरक्षणही.

ओळखायचं कसं? मी वाक्य वाचते आणि विचारते, या वाक्यातून एखादा माणूस गळला तर त्याचं काय होतं? "त्याला घरून काम करता येणार नाही" असं उत्तर आलं, तर ते पात्रतेचं वाक्य. "त्याच्याबद्दल हा कागद काहीच म्हणत नाही" असं आलं, तर व्याप्तीचं. खराडीच्या कागदात एकाच वाक्यातून दोन्ही उत्तरं येत होती. म्हणूनच ते वाक्य चुकीचं.

उलट दिशेची चूकही होते, आणि ती भांडणाला जास्त कारण ठरते. चाकणच्या एका कारखान्यात, ज्यांचं ऑफिस बाणेरला आहे, धोरणात लिहिलं होतं: "हे धोरण कंपनीच्या सर्व कर्मचाऱ्यांना लागू आहे." व्याप्ती म्हणून वाक्य अगदी ठीक. पण पुढे पात्रतेचं कलमच नव्हतं, 'मॅनेजरच्या संमतीने' एवढं म्हणून सोडून दिलेलं. लाइनवरच्या लोकांनी तो कागद वाचला आणि रास्त प्रश्न केला: लागू आहे ना, मग आम्हाला आठवड्यातले दोन दिवस का नाहीत? मशिनवरचं काम घरी नेता येत नाही हे त्यांनाही कळत होतं. पण त्याच लाइनच्या सुपरवायझरचं निम्मं काम कागदपत्रांचं होतं, आणि त्याला एका मॅनेजरने संमती दिली, दुसऱ्याने नाकारली. निकष न लिहिता संमतीवर सोडलं की ती माणसागणिक बदलते. तिथे आम्ही पात्रता हुद्द्याला न बांधता कामाला बांधली. आठवड्यातलं किती काम जागेवर असल्याशिवाय होत नाही, हे विभागप्रमुखाने प्रत्येक पदापुढे लिहून द्यायचं. त्या तक्त्यात सुपरवायझरपुढे 'एक दिवस' आलं, ऑपरेटरपुढे 'नाही'. ऑपरेटरांनी ते मान्य केलं, कारण कारण लिहिलेलं होतं.

आता व्याख्या. हा भाग लोक शेवटी, घाईत लिहितात, आणि पात्रता चोरपावलांनी आत शिरते ती इथूनच. एका कागदात मी वाचलं: "'कर्मचारी' म्हणजे एक वर्ष सेवा पूर्ण केलेला, कायम नेमणुकीचा कर्मचारी." वरवर निरुपद्रवी वाटतं. पण धोरणात जिथे जिथे 'कर्मचारी' आहे तिथे तिथे ही पूर्ण व्याख्या घालून वाचा. "कर्मचाऱ्याने पासवर्ड कोणाला देऊ नये" याचा अर्थ झाला, एक वर्ष पूर्ण केलेल्या कायम कर्मचाऱ्याने देऊ नये. बाकीच्यांनी दिला तर? ही शब्द घालून वाचायची तपासणी मी प्रत्येक कागदावर पेन्सिलीने करते. तासभर लागतो. व्याख्येने शब्दाचा अर्थ सांगावा, अट घालू नये. अट पात्रतेच्या कलमात.

'रिमोट वर्क' या शब्दाची व्याख्या मात्र नीट लांब असावी, कारण व्याप्ती तिच्यावर उभी असते. नियमितपणे ठरलेले दिवस घरून, अचानक एखाद्या दिवशी कंपनीच्या सांगण्यावरून घरून, आणि गणपतीला गावी गेल्यावर साताऱ्याहून केलेलं काम, ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. माहितीच्या सुरक्षेचे नियम तिन्हींना लागतात. पात्रतेची चाळणी फक्त पहिल्याला लागते. दुसऱ्यात कंपनीच सांगते, तेव्हा पात्रता विचारायचा प्रश्नच नाही. तिसऱ्यात जागेची आगाऊ नोंद पुरते. खराडीच्या कागदात 'रिमोट वर्क' म्हणजे फक्त पहिला प्रकार धरला होता. त्यामुळे पुराचा दिवस दोनदा बाहेर पडला, एकदा पात्रतेमुळे आणि एकदा व्याख्येमुळे.

कंत्राटी लोकांचं काय, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. त्यांना व्याप्तीत घ्यायचं, कारण ग्राहकांची माहिती तेही हाताळतात. पण त्यांची पात्रता कंपनीने थेट ठरवायची नाही; त्यांचा मालक ठेकेदार आहे, म्हणून विनंती आणि मंजुरी त्याच्यामार्फत. कंपनीच त्यांच्या रजा, वेळा आणि जागा ठरवू लागली तर ते खरे कोणाचे नोकर, हा वाद उभा राहू शकतो. एकाच माणसाबद्दल दोन कलमं वेगळी उत्तरं देतात याचं हे सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे.

काही बाबतीत व्याप्ती तुमच्या हातात नसतेच. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कामाचं ठिकाण' या व्याख्येत राहतं घरही येतं, आणि 'कर्मचारी' मध्ये कंत्राटी आणि शिकाऊ दोघंही. व्हिडिओ कॉलवर शिकाऊ मुलीशी कोणी गैर वागलं, तर ती तुमच्या धोरणात पात्र नव्हती म्हणून अंतर्गत समितीचं दार बंद होत नाही. तसंच पात्रतेचं. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजेनंतर, कामाचं स्वरूप तसं असेल तर, कंपनी आणि ती महिला या दोघांच्या संमतीने घरून काम करण्याची वाट कायद्यातच आली. तिथे तुमची 'एक वर्ष सेवा' ही अट आडवी घालू नका. कलमाच्या शेवटी एक वाक्य पुरतं: कायद्याने मिळणाऱ्या सोयीला वरील अटी लागू नाहीत.

राहिली पुनरावलोकनाची तारीख. तिच्यातही अशीच गल्लत होते, ती मुदत संपण्याच्या तारखेशी. पुनरावलोकनाची तारीख म्हणजे त्या दिवसापर्यंत कोणीतरी कागद पुन्हा वाचायचा. न वाचल्यास कागद चालूच राहतो. हे न लिहिल्याने एका ठिकाणी ३१ मार्च उलटल्यावर लोक म्हणू लागले की धोरण संपलं. पण एसईझेडमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात, असलेल्या युनिटला खरी मुदतही असते. जुलै २०२२ मध्ये एसईझेड नियमांत ४३अ हा नियम आला तेव्हा घरून कामाची परवानगी एका वर्षापुरती होती आणि कंत्राटी लोक धरून एकूण कर्मचाऱ्यांच्या ५०% इतकी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नियम बदललाही. हिंजवडीतल्या अशा युनिटने पुनरावलोकनाची तारीख परवानगी संपण्याच्या निदान तीन महिने आधी ठेवावी. हे तीन महिने माझा अनुभव आहे, नियम नव्हे.

पुनरावलोकनात व्याप्ती सहसा बदलत नाही, पात्रता जवळजवळ दर वेळी बदलते. म्हणून पात्रतेचे आकडे मी परिशिष्टात ठेवते आणि बदलाबरोबर दोन गोष्टी लिहून घेते. सेवा मोजायची ती अर्जाच्या दिवशी, धोरण लागू झालं त्या दिवशी नव्हे. आणि जुन्या अटींवर मंजुरी मिळालेल्यांची मंजुरी तिच्या मुदतीपर्यंत टिकते. सहा महिन्यांची अट नऊ महिन्यांची झाली म्हणून सातव्या महिन्यातल्या माणसाला सोमवारी अचानक ऑफिसात बोलवायचं, हा अन्याय आहे.

खराडीच्या कागदाचं पहिलं पान आता असं आहे: "हे धोरण कंपनीसाठी काम करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला लागू आहे, त्यात प्रोबेशनवरचे, शिकाऊ आणि ठेकेदारामार्फत आलेले धरले आहेत. नियमितपणे घरून काम करण्याची मागणी कोणाला करता येईल हे कलम ४ मध्ये आहे. कंपनीने सांगितल्यामुळे घरून केलेल्या कामाला कलम ४ लागू नाही, बाकीची सर्व कलमं लागू आहेत." त्यापाठोपाठ आणखी एक ओळ, जी त्या मुलीनेच सुचवली: ज्याच्याकडे कंपनीचा लॅपटॉप नाही, त्याला अशा दिवशी ग्राहकांच्या माहितीचं काम देऊ नये, आणि तो दिवस हजेरीचा धरावा.