उदासीनीकरण उष्णतेचा प्रयोग: जर्नल प्रमाणित करून घेताना काय लागते

पुण्यातल्या बहुतेक महाविद्यालयांत प्रात्यक्षिक परीक्षेला बसण्याआधी जर्नल प्रमाणित असावे लागते. या प्रयोगाच्या पानांसोबत तीन गोष्टी जोडाव्यात: दर मिनिटाच्या तापमानाचा तक्ता, आलेख आणि कॅलरीमीटरच्या उष्णताधारकतेचा हिशेब. तिसरी गोष्ट सर्वांत जास्त वेळा राहते किंवा चुकते, म्हणून ती नीट पाहू.

कोणती वाचने ग्राह्य? आम्ल आणि अल्कली ओतण्यापूर्वी दोन्हींचे तापमान सारखे आणि स्थिर असले पाहिजे. नुकतेच बनवलेले सोडियम हायड्रॉक्साइड विरघळतानाच तापते, ते पूर्ण निवू द्यावे. टेबलावरचा पंखाही बंद ठेवावा. तो मध्येच चालू झाला तर थंड होण्याचा वेग बदलतो आणि आलेखावरची रेषा वाकते.

उदाहरण. १ मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल १०० मिली आणि तेवढेच १ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड, दोन्ही २७.० अंशांवर. तिसऱ्या मिनिटाला मिसळले. सहाव्या मिनिटाला सर्वाधिक ३३.२ अंश मिळाले आणि पुढे दर मिनिटाला ०.१ अंश घट. ही उतरती रेषा मागे तिसऱ्या मिनिटापर्यंत वाढवली की ३३.५ येते. म्हणजे वाढ ६.२ नव्हे, ६.५ अंश.

आता भांडे. त्यात २७.० अंशांचे १०० ग्रॅम पाणी ठेवून ४५.० अंशांचे १०० ग्रॅम पाणी ओतले. इथेही रेषा मागे नेल्यावर अंतिम तापमान ३५.६ आले. गरम पाण्याने ३९२९ ज्यूल दिले, थंड पाण्याने ३५९५ घेतले. उरलेले ३३४ ज्यूल भांड्याने ८.६ अंशांसाठी घेतले. म्हणून उष्णताधारकता सुमारे ३९ ज्यूल प्रति अंश. द्रावण २०० ग्रॅम आणि विशिष्ट उष्णता ४.१८ धरली तर एकूण ८३६ + ३९ = ८७५ ज्यूल प्रति अंश. गुणिले ६.५ म्हणजे सुमारे ५६९० ज्यूल, आणि ०.१ मोल पाणी तयार झाले असल्याने –५६.९ किलोज्यूल प्रति मोल. पाठ्यपुस्तकातले मूल्य –५७.३ आहे. दोन्ही दुरुस्त्या वगळल्या असत्या तर –५१.८ वरच थांबलो असतो.

परीक्षक कुठे बोट ठेवतात? भांड्याच्या प्रयोगात अनेक जण रेषा मागे नेतच नाहीत. समजा त्यात दिसलेले कमाल तापमान ३५.३ होते आणि तेच वापरले. मग उष्णताधारकता ७० च्या वर जाते, कारण हवेत गेलेली उष्णताही भांड्याच्या नावावर लागते. तीच हवेतली हानी मुख्य प्रयोगात रेषेने पुन्हा भरून काढली की उत्तर –५८.९ येते. उत्तर –५७.३ च्या पलीकडे गेले तर पहिला संशय या दुहेरी दुरुस्तीवर घ्यावा, नंतर द्रावणांच्या संहतीवर.

अंतिम तापमान ०.१ अंशाने चुकले तरी उष्णताधारकता सुमारे १० ज्यूलने हलते. म्हणून ही चाचणी दोनदा करून दोन्ही तक्ते जोडणे मी आवश्यकच मानतो. आलेखावर मूळ बिंदू खोडू नयेत. मागे नेलेली रेषा तुटक काढावी, म्हणजे मोजलेले कोणते आणि काढलेले कोणते हे सही करणाऱ्याला लगेच दिसते.