ब्लूटूथ स्पीकरमधील जोडसोयी आणि बॅटरी

हातात मावणाऱ्या ब्लूटूथ स्पीकरला मेमरी कार्डाची खाच, एफएम रेडिओ आणि दुसरा फोन चार्ज करण्यासाठी यूएसबीचे तोंड असते. खोक्यावर तिन्ही सोयी एकाच ओळीत, सारख्याच अक्षरांत छापलेल्या असतात, पण बॅटरी खाण्याच्या बाबतीत त्या एकमेकींच्या जवळपासही नाहीत. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असा स्पीकर घेताना गिऱ्हाईक बहुधा 'बॅकअप किती?' एवढेच विचारते. विक्रेता जे तास सांगतो, ते मध्यम आवाजाचे आणि फोन चार्जिंगला न लावलेल्या स्पीकरचे असतात.

कार्ड आणि रेडिओ यांची भूक थोडी असते. एमपी३ गाणे १२८ केबीपीएसचे असेल, तर सेकंदाला १६ किलोबाइट वाचले की पुरते. कार्ड अधूनमधून वाचले जाते आणि उरलेला वेळ जवळजवळ स्वस्थ असते. एफएमची चिपही तितकीच काटकसरी. खरा खर्च ॲम्प्लिफायरचा, म्हणजे आवाजाचा. त्यामुळे सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर कार्डातले अभंग ऐकणाऱ्या आजोबांची बॅटरी नातवाच्या ब्लूटूथपेक्षा थोडीच जास्त टिकेल. मात्र त्यांच्या फोनची बॅटरी पूर्ण वाचते, आणि कार्डाचा मोठा फायदा तोच आहे. (कार्ड घातले आणि स्पीकर मुकाच राहिला, तर बहुधा कार्ड ३२ जीबीहून मोठे, exFAT पद्धतीचे असते. अनेक स्वस्त स्पीकरना FAT32 च वाचता येते.)

रेडिओ आडवळणाने बॅटरी खातो. बऱ्याच छोट्या स्पीकरना वेगळी एरियल नसते, चार्जिंगची किंवा ऑक्सची वायरच एरियलचे काम करते. वायर काढली की सिमेंट-लोखंडाच्या इमारतीत १००.७ वरच्या एफएम गोल्डवरही खरखर येते. खरखर झाकायला माणूस आवाज वाढवतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला ॲम्प्लिफायरला सुमारे दहापट शक्ती लागते, त्यामुळे बॅटरी लवकर संपते आणि दोष रेडिओवर येतो. वायर लावून खिडकीपाशी ठेवले, तर त्याच बॅटरीवर बराच वेळ जास्त ऐकता येते.

दुसरा फोन चार्ज करण्याचे, म्हणजे पॉवर बँकेचे गणित मात्र वेगळे आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रीड बंद पडून मुंबईची वीज गेली होती. तसा दिवस समजा आणि घरातला स्पीकर ४,००० एमएएचचा धरा. हा आकडा ३.७ व्होल्टवरचा आहे, म्हणून साठा सुमारे १४.८ वॉट-तास. मध्यम आवाजात बातम्या ऐकताना स्पीकर दीड वॉट घेत असेल, तर तो दहा तास चालेल. आता त्यालाच फोन लावला. तोंडातून ५ व्होल्ट आणि १ अँपिअर, म्हणजे ५ वॉट जातात. पण ३.७ चे ५ व्होल्ट करताना काही ऊर्जा उष्णता होऊन उडते, म्हणून बॅटरीतून सहाच्या आसपास वॉट निघतात. दीड आणि सहा मिळून साडेसात होतात, म्हणजे दहा तासांचा स्पीकर दोन तासांत आडवा. तेवढ्यात ५,००० एमएएचचा फोन शून्यापासून निम्म्याच्याही थोडा अलीकडेच भरतो, कारण फोनच्या आतही काही ऊर्जा वाया जाते. ४,००० आणि ५,००० हे आकडे शेजारी ठेवून 'फोन ऐंशी टक्के भरेल' असा हिशेब करणारे फसतात ते इथेच.

एकाच वेळी दोन्ही कामे घेतली, तर आणखी एक अडचण येते. व्होल्ट वाढवणारे सर्किट वेगाने चालू-बंद होत असते आणि त्याची गडबड एफएममध्ये शिरते. रेडिओ चालू असताना चार्जिंगला फोन लावताच गुणगुण किंवा शिट्टी सुरू झाली आणि काढताच थांबली, तर कारण हेच. बॅटरी उतरत आली असताना फोनचा भार आणि ढोलकीचा जोरदार ठोका एकदम आले, की व्होल्टेज क्षणभर घसरते आणि पट्टी एक काडी दाखवत असतानाच स्पीकर बंद पडतो. आवाज कमी करून पुन्हा लावल्यावर चालू झाला, तर स्पीकर बिघडलेला नाही, सेल थकला आहे.

सेल थकण्यालाही पॉवर बँकच हातभार लावते. लिथियम-आयन सेलची क्षमता साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्ज-डिस्चार्जनंतर ठळकपणे कमी होते. मघाच्या स्पीकरवर रोज दोन तास बातम्या ऐकल्या, तर एक पूर्ण फेरी संपायला पाच दिवस लागतात. त्यासोबत रोज फोनही भरला, तर ती एका दिवसात संपते. त्यातून मे महिन्यात बंद गाडीत किंवा उशीखाली फोन लावून ठेवला, तर उष्णतेने सेल आणखी लवकर म्हातारा होतो. तळाशी फुगवटा दिसला किंवा जोड उसवला, तर त्याला पुन्हा चार्जिंगला लावू नये.

विकत घेताना तोंडाजवळ ५ व्होल्टच्या पुढे किती अँपिअर लिहिले आहेत, हे पाहावे. काही यूएसबी तोंडे केवळ पेन ड्राइव्ह वाचण्यासाठी असतात. त्यांतून फोन चार्ज होत नाही, झालाच तर मुंगीच्या पावलांनी.