घरगुती गेम सर्व्हर आणि उघड्या पत्त्याची जोखीम

भाड्याची जागा न घेता घरच्याच संगणकावर खेळाचा सर्व्हर चालवून ओळखीच्या लोकांना इंटरनेटवरून त्यात खेळू देणे, म्हणजे घरगुती गेम सर्व्हर. याचे सर्वांत परिचित उदाहरण माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचे आहे, म्हणून ही नोंद तिच्याच आधारे लिहिली आहे. सर्व्हरची फाइल मोफत मिळते. पाच-सहा मित्रांसाठी साधारण ४ जीबी मेमरी पुरते. `java -Xmx4G -jar server.jar nogui` ही आज्ञा दिली, पहिल्या वेळी तयार होणाऱ्या `eula.txt` मध्ये `eula=true` करून ती पुन्हा दिली की घरातल्या घरात खेळ सुरू होतो. मात्र पुण्यातल्या सर्व्हरवर नाशिकच्या मित्राला यायचे असेल, तर राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करावे लागते. बाहेरून २५५६५ क्रमांकाच्या टीसीपी पोर्टवर येणारी मागणी घरातल्या त्या संगणकाकडे पाठवा, असे राउटरला सांगायचे आणि घराचा सार्वजनिक आयपी पत्ता मित्राला कळवायचा. जोखीम इथून सुरू होते.

भारतात पुष्कळ जोडण्यांवर ही पायरी मुळात जमतच नाही, कारण एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. या रचनेला सीजीनॅट म्हणतात. ती ओळखणे सोपे आहे. राउटरच्या पानावर दिसणारा वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, किंवा ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या संकेतस्थळावरच्या पत्त्याशी जुळत नसेल, तर पोर्ट कितीही उघडले तरी बाहेरून कोणी पोहोचणार नाही. अशा वेळी बरेच जण जादा पैसे भरून स्थिर आयपी घेतात. तो घेण्याआधी पुढे दिलेला खासगी जाळ्याचा मार्ग पाहावा. त्याला स्थिर आयपी लागत नाही.

पत्ता उघड झाला म्हणजे कोणी घराचा दरवाजा ठोठावेल, ही भीती अवास्तव आहे. आयपीवरून इंटरनेट कंपनी आणि ढोबळमानाने शहर कळते. ग्राहकाचे नाव आणि घराचा पत्ता कंपनीच्या नोंदीत असतो, बाहेरच्याला तो दिसत नाही. उलट, पत्ता मित्रांखेरीज कोणालाच सांगितलेला नाही म्हणून सर्व्हर सुरक्षित आहे, ही समजूत अधिक घातक आहे. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली झेडमॅप हे साधन प्रसिद्ध केले. एका संगणकावरून, वेगवान जोडणी असेल तर, संपूर्ण आयपीव्ही४ पत्त्यांमध्ये एखादे पोर्ट कुठे उघडे आहे हे त्याने पाऊण तासाच्या आत तपासता येते. माइनक्राफ्टचे सर्व्हर शोधणारे बॉट हेच काम सतत करत असतात. शिवाय खेळाचा सर्व्हर विचारणाऱ्या कोणालाही आपली आवृत्ती, खेळाडूंची संख्या आणि सध्या खेळणाऱ्या काहींची नावे सांगतो.

ही नावे कशी महागात पडतात ते एका प्रसंगातून पाहू. समजा, एका मित्राने खेळ विकत घेतलेला नाही. त्याच्यासाठी `online-mode=false` केले. आता येणारा खेळाडू खरोखर त्या खात्याचा मालक आहे की नाही, हे अधिकृत सर्व्हरकडे विचारले जात नाही. जो जे नाव सांगेल ते खरे मानले जाते. बॉटने पोर्ट शोधले, यादीतून चालकाचे नाव वाचले आणि चालक झोपल्यावर तेच नाव लावून प्रवेश केला. पाहुण्यांची यादी, म्हणजे व्हाइटलिस्ट, सुरू असली तरी ती त्याला अडवू शकत नाही, कारण ते नाव यादीत आहेच. चालकाला ऑपचे, म्हणजे सर्व्हरवर हव्या त्या आज्ञा देण्याचे, अधिकार असल्याने ते या घुसखोरालाही मिळतात. त्यानंतर महिनोन् महिने बांधलेले गाव काही आज्ञांत सपाट होते. म्हणून मोफत खेळणाऱ्या मित्राची अडचण कितीही खरी असली, तरी उघड्या पोर्टवर ही सोय देऊ नये. `server.properties` मध्ये किमान इतके असावे:

```
online-mode=true
white-list=true
enforce-whitelist=true
enable-rcon=false
hide-online-players=true
```

पोर्टचा क्रमांक बदलला तर बॉटांची वर्दळ कमी होते, पण संरक्षण मिळत नाही. अनोळखी नावे येऊन परत फिरवली जात असतील तर ती `logs/latest.log` मध्ये त्यांच्या आयपीसकट दिसतात. व्हाइटलिस्ट काम करत असल्याची ती खूण आहे.

दुसरी जोखीम खुद्द प्रोग्रॅममधल्या त्रुटीची आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली त्रुटी उघड झाली, तेव्हा चॅटमध्ये विशिष्ट मजकूर टाकून माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. दुरुस्ती १.१८.१ मध्ये आली. अशा वेळी नुकसान खेळापुरते राहत नाही. त्याच वायफायवर वडिलांचा कामाचा लॅपटॉप आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर असतो, आणि सर्व्हरचा संगणक ताब्यात आला की या सगळ्यांपर्यंत आतून पोहोचता येते. यासाठी सर्व्हर प्रशासकाच्या खात्याखाली न चालवता वेगळ्या साध्या खात्याखाली चालवावा आणि राउटरमध्ये सोय असेल तर त्याला वेगळ्या जाळ्यात ठेवावे. फक्त एकच पोर्ट उघडावे. राउटरमधला डीएमझेड पर्याय काही जण ‘चालत नाहीये’ म्हणून वैतागून सुरू करतात. त्याने त्या संगणकाची सगळीच पोर्टे बाहेरच्या जगापुढे येतात.

तिसरी जोखीम डीडॉसची, म्हणजे जोडणीवर निरर्थक माहितीचा पूर लोटण्याची. ती घरी बसून थांबवता येत नाही, कारण १०० एमबीपीएसची लाइन राउटरपर्यंत पोहोचण्याआधीच भरून जाते आणि राउटरने नंतर काहीही नाकारले तरी उपयोग नसतो. खेळात हरलेला रागीट खेळाडूही भाड्याने असा हल्ला करवतो. २०१६ च्या मिराय बॉटनेटमागच्या, म्हणजे बळकावलेल्या उपकरणांच्या जाळ्यामागच्या, तरुणांचा संबंधही माइनक्राफ्ट सर्व्हरांच्या धंद्यातल्या स्पर्धेशी होता. खेळ अडखळला की हल्लाच झाला असे मात्र समजू नये. लॉगमध्ये `Can't keep up!` दिसत असेल तर सहसा संगणकच कमी पडतो आहे. घरातल्या सगळ्यांचे इंटरनेट एकदम गेले, राउटरचे पान मात्र उघडते आणि सर्व्हर निवांत आहे, तर हल्ल्याची शंका घ्यावी. कंपनीची लाइन बंद असतानाही हेच चित्र दिसते, त्यामुळे तेही विचारून घ्यावे. पत्ता बदलता असेल तर राउटर बंद-चालू केल्यावर नवा मिळू शकतो आणि पूर जुन्याच पत्त्यावर जात राहतो. स्थिर आयपीवाल्याला ही वाट नाही. बदलता पत्ता एका कायमच्या नावाला जोडून देणाऱ्या डायनॅमिक डीएनएसचे नाव वापरणाऱ्याचा नवा पत्ताही हल्लेखोराला त्याच नावावरून कळतो.

ठरावीक मित्रांसाठी सर्वांत चांगला उपाय म्हणजे पोर्ट उघडूच नये. वायरगार्ड या व्हीपीएन पद्धतीवर आधारलेले टेलस्केल हे सॉफ्टवेअर सर्व्हरवर आणि मित्रांच्या संगणकांवर बसवले की त्यांचे एक खासगी जाळे तयार होते. ते सीजीनॅटमधूनही चालते आणि शोधणाऱ्या बॉटला उघडे पोर्ट सापडतच नाही. मित्राला आपल्या पूर्ण जाळ्यात घेऊ नये, फक्त सर्व्हरचा संगणक त्याच्याशी शेअर करावा. त्यातही नियम लावून खेळाचेच पोर्ट मोकळे ठेवता येते. मित्रांना आपला खरा आयपी तरीही दिसू शकतो, पण हे लोक आपण निवडलेले असतात.

अनोळखी लोकांनाही बोलवायचे असेल तर प्लेइट.जीजी सारखी टनेल सेवा किंवा भाड्याचा छोटा क्लाउड सर्व्हर मध्ये ठेवता येतो. बाहेरच्यांना त्या मधल्या ठिकाणाचा पत्ता दिसतो आणि पूर आला तर तो तिथे येतो. याची किंमत म्हणजे वाढलेला पिंग, विशेषतः मधला सर्व्हर भारताबाहेर असेल तर. अनेकदा सगळे खेळाडू एकाच आयपीवरून आल्यासारखेही दिसतात. तेव्हा एका उपद्रवी खेळाडूला `ban-ip` लावले तर सगळेच बाहेर फेकले जातात. तिथे खात्यावर `ban` लावावे.